गौरी गेल्या, पार्सलं परत आली: शिवलेल्या नऊवारीच्या एका विक्रेतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरात सहा शिलाई मशीन, एक कटिंग टेबल आणि जिन्याखालची एक अरुंद खोली, एवढ्यावर चालणारा हा उद्योग आहे. तयार शिवलेली नऊवारी, म्हणजे नेसायची कटकट नसलेली आणि कमरेला नाडी बांधली की झालं अशी साडी, हा त्यांचा मुख्य माल. स्वतःची वेबसाइट आहे, ऑर्डर बहुतेक मोबाइलवरच्या जाहिरातींतून येतात, आणि पार्सल एका कुरिअर जोडणी सेवेमार्फत तीन-चार वेगवेगळ्या कुरिअरांकडून जातं. मी त्यांचा हिशेब पाहतो. मालकीणबाईंना मी ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत.

या मालाचा हंगाम फार टोकदार असतो. २०२४ साली श्रावण ५ ऑगस्टला लागला, दुसऱ्याच दिवशी पहिली मंगळागौर. ७ सप्टेंबरला गणपती, १० ला गौरी आल्या, १२ ला गेल्या. या सव्वा महिन्यात वर्षातली मोठी विक्री होते, आणि १२ तारखेनंतर तीच साडी नवरात्रापर्यंत कुणी विचारत नाही. परत आलेल्या पार्सलाचा विचार करताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. चार्जर किंवा पाण्याची बाटली परत आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विकता येते. गौरीसाठी घेतलेली साडी १३ तारखेला परत आली की ती पुढच्या सणाची वाट बघत बसते.

या हंगामात ६२० ऑर्डर गेल्या. त्यातल्या ४६५ कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी, आणि १५५ आधी पैसे भरलेल्या. सीओडीतली १३८ पार्सलं ग्राहकाच्या दारातून परत फिरली, आधी भरलेल्यांतली ५. या धंद्यात अशा परतीला सगळे ‘आरटीओ’ म्हणतात: माल निघाला तिथेच परत.

अडचण

१३ सप्टेंबरला, शुक्रवारी, ताईंचा फोन आला. आवाज थकलेला होता. ‘‘दादा, एवढा धंदा झाला आणि खात्यात पैसे का दिसत नाहीत?’’

त्यांच्या मते आरटीओचा तोटा म्हणजे जाण्याचे ९५ आणि येण्याचे ८५, असे पार्सलामागे १८० रुपये. कुरिअरच्या बिलात तेवढंच दिसतं. त्या हिशेबाने १३८ पार्सलांचे पंचवीसेक हजार होतात. वाईट, पण सोसण्यासारखं.

मी कागदावर एका साडीचा हिशेब मांडला. विक्री १,४५० रुपये, कर वजा जाता हातात सुमारे १,३००. कापड आणि शिलाई ६६०, जाण्याचं भाडं ९५, सीओडीचं शुल्क ४५, पिशवी-लेबल २५, आणि ती एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर गेलेले सरासरी १९०. साडी पोचली तर उरतात २८५. साडी परत आली तर सीओडीचं शुल्क लागत नाही, पण जाण्या-येण्याचे १८०, वाया गेलेली पिशवी २५, पुन्हा इस्त्री-घडी-पॅकिंगचे ३० आणि जाहिरातीचे १९० जातात. हे झाले ४२५. म्हणजे दारातला एक नकार दीड विक्रीचा नफा खाऊन टाकतो.

जाहिरातीचा खर्च ताईंनी परतीशी कधी जोडलाच नव्हता, कारण तो वेगळ्या बिलात येतो. या रीतीने मोजलं तर हंगामाचा नफा सुमारे ७६ हजार राहिला, आणि परत आलेल्या साड्यांत अडकलेलं भांडवल ९० हजारांच्या वर होतं. खात्यात पैसे का दिसत नाहीत, याचं उत्तर जिन्याखाली होतं.

त्यात कराची एक भर होती. पार्सल निघतानाच बिल बनत होतं, आणि ऑगस्टची सगळी बिलं विक्री म्हणून विवरणपत्रात गेली होती. साडी परत आली तरी त्या बिलासमोर क्रेडिट नोट कुणी काढली नव्हती. एका साडीवर सुमारे १५५ रुपये कर धरला, तर १३८ साड्यांचे एकवीस हजार रुपये न झालेल्या विक्रीवर भरले गेले किंवा भरले जाणार होते. हे पैसे बुडत नाहीत, क्रेडिट नोट काढून पुढच्या विवरणपत्रात वजा करता येतात. पण त्यासाठी कुठलं पार्सल कुठल्या बिलाचं हे माहीत असायला हवं, आणि पार्सलं तर उघडलीच नव्हती.

जिन्याखालचा ढीग

१४ तारखेला सकाळी मी आणि त्यांच्याकडची एक मुलगी जिन्याखाली बसलो. काळ्या-करड्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग गुडघ्याच्या वर होता. कुरिअरवाला सात-आठ पिशव्या एकदम आणून टाकायचा, सही घ्यायचा, आणि शिलाईच्या गर्दीत ‘नंतर बघू’ म्हणून त्या आत सरकवल्या जायच्या. पाऊस भरपूर होता. तळाच्या पिशव्यांना भिंतीची ओल लागली होती.

पहिली तासाभराची पार्सलं उघडून झाल्यावर ती मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘‘ही तर चौतीसची हिरवी आहे.’’ मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मग तिने सांगितलं: २ ते ९ सप्टेंबर वेबसाइटवर चौतीस कमरेची हिरवी साडी ‘संपली’ असं दाखवत होती, आणि ती मागणाऱ्या चौदा बायकांना तिने स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर नाही म्हणून कळवलं होतं. त्या दिवशी ढिगातून चौतीसच्या अकरा हिरव्या साड्या निघाल्या. पिशवीवरच्या परतीच्या तारखांवरून आठ साड्या २ तारखेच्या आधीच घरात आल्या होत्या. गिऱ्हाईक दारात उभं होतं, माल घरात होता, आणि मध्ये फक्त न उघडलेली पिशवी होती.

दुसरा धक्का वजनाचा. एक पिशवी उचलल्यावरच हलकी लागली. काट्यावर २४० ग्रॅम भरली. जाताना कुरिअरच्या नोंदीत तिचं वजन ७१० ग्रॅम होतं. आत एक जुनी ओढणी निघाली. अशा दोन निघाल्या. माल बदलल्याची तक्रार कुरिअरकडे करता येते, पण त्यांच्या करारात मुदत ४८ तासांची होती आणि सलग उघडतानाचा व्हिडिओ लागत होता. त्यातली एक पिशवी आमच्याकडे येऊन एकोणीस दिवस झाले होते, दुसरीला बारा. दोन्ही दावे फेटाळले गेले, आणि खरं सांगायचं तर कुरिअरने काही चूक केली असं मला म्हणता येणार नाही.

दोन दिवसांत १३८ साड्यांची वर्गवारी झाली. १०१ साड्या इस्त्री करून नव्यासारख्या विकता येण्याजोग्या होत्या, २६ साड्यांना कुबट वास, काठावर पक्की घडी किंवा फाटलेलं लेबल होतं, ९ साड्यांच्या जरीचे धागे ओलीने काळवंडले होते, आणि दोन बदललेल्या. पण पहिल्या १०१ मध्येही एक गाठ होती: २२ साड्या ग्राहकाच्या उंचीप्रमाणे खास लांबी कमी-जास्त करून शिवलेल्या होत्या. कमी उंचीच्या बाईसाठी आखूड केलेली साडी दुसऱ्या कुणाला विकणार?

‘ग्राहकाने नाकारलं’ म्हणजे नेमकं काय

कुरिअरच्या पॅनेलवर या १३८ पैकी बहुतेकांपुढे एकच शेरा होता, ग्राहकाने नाकारलं. ताईंचा भाऊ त्यावरून चिडला होता. ‘‘लोकांना फुकटची हौस, ऑर्डर करायची आणि दारातून हाकलायचं. सीओडी बंदच कर.’’ त्याचा राग समजण्यासारखा होता, पण मला त्या एकाच शेऱ्याचा भरवसा वाटत नव्हता. म्हणून ठरवलं की सगळ्यांना फोन करायचे, भांडायला नाही, नुसतं विचारायला.

९६ जणी-जण बोलले. त्यांतल्या ३१ जणांनी सांगितलं की आम्ही नाही म्हटलंच नाही, आमच्याकडे कुणी आलंच नाही. २७ जणांकडे पार्सल उशिरा पोचलं होतं, तोवर त्यांनी गावातल्या बाजारातून साडी घेतली होती. २२ घरांत ऑर्डर करणारी बाई घरी नव्हती, आणि दारात सासूबाई, मुलगा किंवा शेजारी होते. त्यांच्याकडे पैसे नव्हते, किंवा ‘आम्ही काही मागवलं नाही’ म्हणून त्यांनी परत पाठवलं. मन बदललेले, दोन ठिकाणी ऑर्डर दिलेले, मापाची धास्ती वाटलेले, असे खरेखुरे नकार होते फक्त १६.

‘कुणी आलंच नाही’ हे ग्राहक नेहमीच खरं सांगतो असं नाही. म्हणून ते पडताळायला पॅनेलवरच्या वेळा काढल्या. एका वितरण केंद्राची नऊ पार्सलं एकाच दिवशी, रात्री ८:४७ ते ८:५८ च्या दरम्यान, एकाच शेऱ्याने बंद झाली होती. नऊ वेगवेगळ्या पत्त्यांवर अकरा मिनिटांत जाऊन नऊ नकार घेऊन येणं शक्य नाही. दिवस संपताना उरलेली पार्सलं केंद्रातच बसून ‘नाकारलं’ म्हणून बंद केली गेली, हे उघड होतं. अशा नोंदी ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: एकाच केंद्रातले शेरे मिनिटा-मिनिटाच्या अंतराने, वेळ संध्याकाळ उलटल्यानंतरची, ग्राहकाच्या फोनवर त्या दिवशी अनोळखी नंबरचा कॉल नाही, आणि नकार पक्का करणारा ओटीपी ग्राहकाला गेलेला नाही.

पार्सल न पोचल्याची सूचना पॅनेलवर त्याच रात्री येते. या धंद्यात तिला ‘एनडीआर’ म्हणतात. विक्रेत्याने ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं कळवलं तर साधारणपणे एकूण तीन फेऱ्यांपर्यंत पार्सल ग्राहकाकडे जाऊ शकतं. काहीच कळवलं नाही तर थोड्याच दिवसांत ते आपोआप परतीला लागतं. ताई हे पान तीन-चार दिवसांनी एकदा उघडत होत्या. तोवर ‘परत निघालं’ अशी नोंद पडलेली असे, आणि ती एकदा पडली की पार्सल मागे वळवणं जवळपास अशक्य होतं.

विचारात घेतलेले पर्याय

भावाचा पर्याय, सीओडी पूर्ण बंद, आम्ही तीन दिवस करून पाहिला. रोजच्या अठरा ऑर्डरींच्या सहा झाल्या. ज्या गावांतून साडीला मागणी आहे तिथे अनोळखी वेबसाइटला आधी पैसे द्यायला लोक कचरतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. चौथ्या दिवशी सीओडी परत सुरू केली.

दुसरा पर्याय होता जास्त परती येणारे पिनकोड बंद करण्याचा. यादीही केली. पण वरची नऊ पार्सलं ज्या पिनकोडवरची होती तोच यादीत सगळ्यांत वर आला. दोष केंद्राचा, शिक्षा तिथल्या ग्राहकांना, असं झालं असतं. त्याऐवजी त्या पिनकोडला दुसरं कुरिअर नेमलं. पार्सलामागे अकरा रुपये जास्त पडतात.

तिसरा पर्याय ऑर्डरच्या वेळी १५० रुपये यूपीआयने आगाऊ घेऊन बाकी रक्कम दारात घेण्याचा. यावर आमची सगळ्यांत लांब चर्चा झाली. ताईंना वाटत होतं की नकार आला तर हे दीडशे ठेवून घेतले की भाडं वसूल. मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे ४२५ च्या तोट्यात दीडशे कुठे पुरतात? दुसरी कायद्याची. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑर्डर पक्की केल्यावर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून शुल्क लावायचं असेल, तर कंपनीने आपणहून ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क स्वतःही सोसायला हवं. एकतर्फी कापणी चालत नाही. म्हणून अट अशी लिहिली: तुम्ही विनाकारण नाकारलं तर दीडशे परत मिळणार नाहीत, आणि आम्ही ऑर्डर रद्द केली तर दीडशे परत देऊन वर आणखी दीडशे देऊ. ही अट पैसे भरायच्या बटणाच्या वर, मराठीत, ठळक अक्षरांत ठेवली. ताई आधी बिचकल्या. पण ही अट लागू झाल्यापासून साठा नसताना ऑर्डर घेणं त्यांनी जवळपास बंद केलं.

चौथा, पाठवण्याआधी प्रत्येक सीओडी ऑर्डरला फोन. हा सगळ्यांत कंटाळवाणा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला.

काय केलं

२३ सप्टेंबरपासून, नवरात्राच्या मालासाठी, नवी पद्धत लागू झाली. त्याच मुलीला रोज तीन तास फोन आणि परतीच्या कामासाठी, महिना सहा हजार रुपयांत, वेगळं नेमलं. शिलाईच्या गर्दीत हे काम कुणाच्याच वाट्याचं नव्हतं, म्हणून ते होत नव्हतं.

फोनवर ती ऑर्डर, माप आणि पत्ता वाचून दाखवते, पण खरा प्रश्न शेवटी विचारते: ‘‘पार्सल येईल तेव्हा दारात कोण असेल, आणि त्यांना सांगून ठेवाल ना?’’ बावीस घरांच्या कहाण्यांतून हा प्रश्न निघाला. बरेचदा पलीकडून क्षणभर शांतता येते आणि मग उत्तर मिळतं, ‘‘थांबा, ऑफिसचाच पत्ता घ्या.’’ कुणी तेव्हाच पूर्ण पैसे भरून टाकतं.

खास लांबीची साडी सीओडीवर देणं बंद केलं. ती कात्रीखाली जाण्याआधी पूर्ण पैसे येतात. यात कसलीही सूट नाही.

एनडीआरचं पान रोज सकाळी अकराच्या आत उघडलं जातं. ग्राहकाला फोन, त्याने हो म्हटलं तर लगेच पुन्हा प्रयत्नाची नोंद, सोबत दुसरा फोन नंबर आणि जवळची खूण. ग्राहक म्हणाला की कुणी आलं नव्हतं, तर त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाचं चित्र जोडून कुरिअरकडे तक्रार. अशा तक्रारींतून काही परतींचं भाडं माफ झालं, सगळ्यांचं नाही.

आलेलं परत पार्सल त्याच दिवशी कटिंग टेबलाच्या टोकाला उघडलं जातं. पिशवी आधी काट्यावर, वजन कॅमेऱ्यात, मग लेबल, मग कात्री, एकाच सलग व्हिडिओत. साडी बाहेर आली की नाकाशी धरायची. ओलीचा वास डोळ्यांना दिसत नाही, आणि तो इस्त्रीने जात नाही, उलट गरम झाल्यावर जास्त येतो. वास असेल तर दोन दिवस सावलीत वाऱ्यावर. जरीचे धागे काळवंडले आहेत का ते खिडकीच्या उजेडात. ठीक असेल तर संध्याकाळपर्यंत वेबसाइटच्या साठ्यात परत, आणि त्याच बैठकीत बिल नंबर शोधून क्रेडिट नोट. दुसऱ्या प्रतीची साडी नवी म्हणून पुन्हा पाठवायची नाही, यावर मी अडून बसलो. ती ‘किंचित घडी पडलेली’ असं स्पष्ट लिहून नऊशे रुपयांना, फक्त आधी पैसे घेऊन विकली जाते.

परताव्याचे निर्णय

इथे आमची एक चूक झाली, आणि ती मुळात माझी होती.

अमरावतीच्या एका ग्राहक बाईंनी ३० ऑगस्टला पूर्ण पैसे भरून साडी घेतली होती. वेबसाइटवर ५ ते ७ दिवस लिहिलेलं होतं. पार्सल एका केंद्रात चार दिवस अडकलं आणि ११ सप्टेंबरच्या दुपारी त्यांच्या दारात पोचलं, गौरीपूजनाच्या दिवशी. ‘‘गौरी जेवायला बसल्या, आता साडी घेऊन काय करू?’’ असं म्हणून त्यांनी घेतली नाही.

ताईंना १८० रुपये भाडं कापून परतावा द्यायचा होता. मी तेव्हा एवढंच म्हटलं की आधी माल येऊ दे, मग बघू. माझ्या डोक्यात वापरून परत केलेल्या मालाची पद्धत होती. तिथे साडी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत हे बरोबर आहे. पण इथे ग्राहकाने पिशवीला हातही लावला नव्हता. तपासायचं होतं ते कुरिअरचं काम, आणि त्यासाठी त्या बाईंचे पैसे अडकवायचं कारण नव्हतं. शिवाय सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोचलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हे त्याच २०२० च्या नियमांत आहे. पूर, बंद अशा हाताबाहेरच्या कारणांचा अपवाद आहे, केंद्रात अडकणं त्यात बसत नाही. भाडं कापण्याचा प्रश्नच नव्हता.

पार्सल २४ तारखेला परत आलं. तोवर वाट पाहून त्या बाईंनी १९ तारखेला बँकेकडे तक्रार केली होती आणि पेमेंट गेटवेने ती रक्कम रोखून ठेवली होती. २१ तारखेला त्यांचा रागाचा फोन आल्यावर ताईंनी घाबरून स्वतःच्या फोनवरून १,४५० रुपये यूपीआयने पाठवून दिले. गेटवेचं उत्तर मागणारं ईमेल न वाचता पडून होतं. मुदत संपली, आणि ३० तारखेला गेटवेनेही ते पैसे बाईंच्या खात्यात वळवले. परतावा दोनदा गेला. फोन केल्यावर त्यांनी दहा दिवसांनी एक रक्कम परत पाठवली. त्यांचा भलेपणा, आमच्या हातात काही नव्हतं.

त्यानंतर ठरलं ते असं. आधी पैसे भरलेलं पार्सल दारातून परत फिरलं, की ‘परत निघालं’ ही नोंद दिसताच त्याच दिवशी परतावा सुरू करायचा, आणि तो ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, गेटवेमधूनच. बँकेत तक्रार आधीच झाली असेल तर वेगळे पैसे पाठवायचे नाहीत, त्या तक्रारीतच मान्य म्हणून उत्तर द्यायचं. रक्कम किती, हे ‘शब्द कुणी मोडला’ यावर. उशीर, फाटलेली पिशवी, चुकीचा रंग असेल तर पूर्ण रक्कम. निव्वळ मन बदललं असेल आणि अट आधी दाखवलेली असेल, तर दीडशे कापून बाकीची. सीओडीच्या नकारातही हाच नियम: एका ग्राहकाने ओली झालेली पिशवी पाहून परत पाठवली तेव्हा त्याचे दीडशे परत गेले. दुसऱ्या एकाने फोनवर दोनदा होकार देऊन दारात नाकारलं, मग आठवडाभर वाद घातला. त्याचे दिले नाहीत.

निष्पत्ती

२३ सप्टेंबर ते १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनापर्यंत ४१० ऑर्डर गेल्या. हंगाम वेगळा आहे, त्यामुळे गणपतीच्या आकड्यांशी सरळ तुलना करणं बरोबर नाही, तरी दिशा कळते. २३० ऑर्डर दीडशे आगाऊवर होत्या, १८० पूर्ण भरलेल्या. आगाऊवाल्यांत ५८ पार्सलांवर न पोचल्याची सूचना आली. त्यांतली ३२ पाठपुराव्याने पोचली, २६ परत आली. म्हणजे दहात तीन परत येत होती तिथे आता नवातलं एक येतं. पूर्ण भरलेल्यांतली तीन परत आली.

परत आलेल्या २६ पैकी सात जणांचे आगाऊ पैसे आम्हीच परत केले. उरलेल्या एकोणीस जणांचे २,८५० रुपये राहिले, आणि २६ परतींचा तोटा अकरा हजारांच्या वर होता. मला जे खटकलं होतं ते तसंच निघालं: आगाऊ रक्कम तोटा भरून काढत नाही. तिचं काम वेगळं आहे. दीडशे रुपये भरणारी व्यक्ती पार्सलाची वाट बघते, घरात सांगून ठेवते, अनोळखी नंबरचा फोन उचलते.

मुलीचे सहा हजार धरूनही नफा सुमारे ९५ हजार आला, दोनशेहून जास्त ऑर्डर कमी असताना. ताईंना मात्र आगाऊ रक्कम पाहून मागे फिरलेल्या बायकांची अजून हळहळ आहे. त्या कधी ग्राहक झाल्या असत्या की आणखी एक नकार, हे सांगायला मार्ग नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त उपाय आम्ही शेवटी केला, आणि तो पहिला करायला हवा होता: शेवटची तारीख. उशिरामुळे नाकारलेली २७ पार्सलं ना फोनने वाचली असती ना आगाऊ रकमेने. विदर्भ-मराठवाड्याच्या ऑर्डर ३१ ऑगस्टला आणि महाराष्ट्राबाहेरच्या २८ ला थांबवल्या असत्या, तर ती बहुतेक निघालीच नसती. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डर नाकारायला फार जड जातं. पण ८ सप्टेंबरला घेतलेली लांबची ऑर्डर म्हणजे ४२५ रुपये देऊन पुढच्या सणासाठी ठेवून घेतलेली साडी.

ढिगाची जागाही आधीच बदलायला हवी होती. जिन्याखालच्या खोलीला आता कुलूप आहे, आणि तिथे फक्त रिकाम्या पिशव्या राहतात.

खास लांबीच्या २२ साड्यांपैकी तेरा खालची दुमड उसवून आणि पट्टी जोडून विकल्या गेल्या, प्रत्येकीला शिवणकाम करणाऱ्या बाईंचा पाऊण तास लागला. नऊ साड्या आखूडच कापल्या होत्या, त्यांना कापडच उरलं नव्हतं. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या मापात उतरवायच्या ठरल्या, आणि ३० मार्च २०२५ च्या पाडव्यासाठी वेबसाइटवर ‘लहान मुलींची नऊवारी’ म्हणून लागल्या. त्या पानावर सगळ्यांत वर, किमतीच्याही आधी, लिहिलेलं होतं: पाडव्याआधी पोचण्यासाठी शेवटची ऑर्डर २१ मार्च.